खुलासा: ‘प्रथम आवक, प्रथम जावक’ म्हणजे काय?

“अहवालात ‘प्रथम आवक, प्रथम जावक’ छापलंय, म्हणजे कंपनी जुना माल आधी विकते ना?”

नाही. ही विकलेल्या आणि शिल्लक मालाची किंमत लावण्याची पद्धत आहे: आधी घेतलेल्या मालाचा दर आधी धरायचा. गोदामातून कोणतं पोतं आधी निघालं, हे ती सांगत नाही. समजा १०० किलो माल ५० रुपये किलोने आणि नंतर ३०० किलो ६० रुपये किलोने घेतला, त्यातला २०० किलो विकला. या पद्धतीत विकलेल्याची किंमत ११,००० रुपये, शिल्लक १२,०००. भारित सरासरीत, म्हणजे किलोंच्या प्रमाणात काढलेला सरासरी दर लावला तर, दोन्ही ११,५००, म्हणजे नफा ५०० रुपयांनी कमी. अशा अहवालाच्या अनुवादात ‘भारित’ गळलं की वाचक ५५चा दर धरतो. खरा दर ५७.५० आहे, कारण महाग माल तिप्पट आहे. हा शब्द गाळूच नये.