काकांचा नमस्कार आणि आमचा namaskar

"परदेशात गेलं की नमस्कार बी इंग्रजी अक्षरातच कामून? आपली लिपी जड झाली का?" (बीडच्या काकांचा नातेवाइकांच्या गटावरचा सवाल.)

काका, तुमचा रोजचा "gud mrng" चालतो तेवढा आमचा namaskar चालवून घ्या. शिवाय भांडायला तुम्ही नेमका निरुपद्रवी शब्द धरलात. त्यात ळ नाही, ण नाही. namaskaar लिहा, nmskr लिहा, वाचणारा अडत नाही.

तो अडतो पुढच्या ओळीला. आजारी आत्याची चौकशी करताना कुणी "kal geli ka?" असं लिहिलं, तर ते "कळ गेली का?" की "काल गेली का?" दुसरा अर्थ लागला तर घरात रडारड. इथे जर्मनीत ü नसलेल्या कीबोर्डवर Grüße, म्हणजे त्यांचा नमस्कार, Gruesse असा लिहितात; ü चा ue, ß चा ss हे ठरलेलं आहे, म्हणून मूळ शब्द लगेच कळतो आणि कुणी कुणाची निष्ठा तपासत नाही. आपल्या गप्पांतल्या रोमनला असा नियमच नाही. ळ साठीही l, ल साठीही l.

लातूरचा भाचा म्हणतो, देवनागरीत मेसेज महाग पडतो. साध्या एसएमएसपुरतं खरं आहे. रोमनमध्ये एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात. एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी सगळ्या मेसेजची मर्यादा 70 होते, कारण पूर्ण मजकुराचं एन्कोडिंग बदलतं. त्या 70 मध्ये काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. व्हॉट्सॲपवर याचा काही संबंध नाही.

नांदेडच्या निवृत्त गुरुजींनी मात्र मुद्द्याला हात घातला. 1948 पर्यंत निजामाचा कारभार उर्दूत, घरातली जुनी कागदपत्रं मोडीत. लिपी बदलणारी ही पहिली पिढी नव्हे. पण त्यांचंच पुढचं वाक्य: "पोरानं एकदम देवनागरीत 'नमस्कार' घातला, की समजावं काहीतरी काम निघालं. रोमनमध्ये आला, की हापिसातून घाईत आहे." म्हणजे देवनागरीतला मान कधी कधी दुरावाही दाखवतो. काकांना हे पटलेलं नाही.

माझं मत विचाराल तर अभिवादन कसंही करा. दुखणं, पैसे आणि गावाकडच्या माणसांची नावं देवनागरीत लिहा. फोनच्या कीबोर्डला मराठी जोडताना रोमन टाइप करून देवनागरी देणारा पर्याय घ्या, आणि पाठवण्याआधी ळ, ण तपासा, कारण तो अंदाजाने शब्द सुचवतो.

आता न विचारलेलं सांगतो. आमचा रोमन काकांसाठी नसतोच. इथली पोरं मराठी ऐकून समजतात, पण "स्का" पाहिलं की थांबतात. गटावर काकांचा देवनागरी मेसेज आला, की ती फोन आईबापाकडे सरकवतात आणि वाचून दाखव म्हणतात.