ऑपरेशनची रजा आणि कागदावर लिहायचं कारण: एका प्रतिक्रियेला उत्तर

«लेख वाचला. माझा कुंडईला छोटा कारखाना आहे, अठरा माणसं. ‘ऑपरेशन आहे एवढंच सांगा’ हा तुमचा सल्ला म्हणजे कामगारांना लपवाछपवी शिकवणं. महिनाभर माणूस जाणार, पगार मी देणार आणि कशासाठी ते विचारायचंही नाही? खोटी सर्टिफिकिटं हवी तेवढी मिळतात, ती कशी ओळखायची? आणि गोव्यात लपतं काय? बांबोळीला कोण ॲडमिट झालं ते संध्याकाळपर्यंत फोंड्यात कळतं. — एक वाचक, कुंडई»

नमस्कार. रजेच्या अर्जात ऑपरेशन आहे एवढंच सांगावं, आजाराचं नाव लिहू नये, असं मी मूळ लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही मनातलं स्पष्ट लिहिलंत हे बरं झालं. बहुतेक मालक असं बोलत नाहीत, नुसता अर्ज बाजूला ठेवून देतात.

पगारापासून सुरुवात करतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय ही कामगार विमा योजना लागू होते, म्हणजे तुमच्याकडेही असणार. ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या आजारपणाच्या दिवसांचे पैसे ईएसआय महामंडळ देतं: सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी हजेरीची आणि वर्गणीची अट पुरी झालेली असावी लागते, आणि आजाराची शहानिशा ईएसआयचा डॉक्टर करतो. आजाराचं निदान त्या डॉक्टरला कळायलाच हवं. तुम्हाला कळायला हवं ते एवढंच, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हा माणूस कामाला येऊ शकत नाही. त्यापेक्षा जास्त पगार असलेल्यांचं म्हणाल, तर त्यांची रजा तुमच्या नियमांप्रमाणे. तिथे मालकाला पुरावा मागायचा हक्क आहे, हे मला मान्यच आहे.

आता मुद्दा पुराव्याचा. मूळ लेखात मी एका बाईंचं उदाहरण दोन ओळींत उरकलं होतं, ते इथे सविस्तर सांगतो. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत त्या पॅकिंग लाइनवर सुपरवायझर. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी, रक्तस्राव फार, म्हणून दुर्बिणीतून गर्भाशय काढायचं ठरलं. त्यांनी आमच्याकडे लिहून आणलेल्या अर्जात सगळंच होतं: गाठी किती, रक्त किती कमी झालंय, सोनोग्राफीचा रिपोर्टही जोडलेला. तो अर्ज आधी शिफ्ट इन्चार्जकडे जाणार, तिथून टाइम ऑफिसला, तिथून एचआरला. टाइम ऑफिसात रजेचे अर्ज उघड्या ट्रेमध्ये पडलेले असतात आणि चहाला येणारा प्रत्येक जण वरचा कागद वाचतो. ‘गाठ’ एवढा एक शब्द वाचला की माणसं पुढचं वाचत नाहीत, थेट कॅन्सरवर जातात. ऑपरेशनपूर्वी तसं नाही हे छातीठोकपणे सांगताही येत नाही, कारण काढलेला भाग तपासायला जातो आणि त्याचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तोवर इकडे ‘ती आता लाइन सांभाळू शकेल का’ ही चर्चा सुरू झालेली असते.

आम्ही तो अर्ज पुन्हा लिहिला. तो असा झाला:

«माझी एक नियोजित शस्त्रक्रिया ९ जून रोजी ठरली आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार ९ जून ते ६ जुलै अशी वैद्यकीय रजा मिळावी. शस्त्रक्रियेच्या वेळी आढळणाऱ्या परिस्थितीनुसार विश्रांतीचा काळ सुमारे दोन आठवडे वाढू शकतो. तसे झाल्यास रजा संपण्यापूर्वी लेखी कळवीन. रुग्णालयाने तारीख पुढे ढकलल्यास त्याच दिवशी कळवीन. कामावर परतल्यानंतर ३ ऑगस्टपर्यंत पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये आणि सलग उभे राहण्याचे काम टाळावे असे डॉक्टरांनी सांगितले आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.»

मालक म्हणून हा अर्ज तुम्ही वाचा आणि पहिल्या अर्जाशी ताडून बघा. पहिल्यात अवयवाचं नाव होतं, पण परतल्यावर वजन उचलता येणार नाही हे कुठेच नव्हतं. भरलेला शिपर बॉक्स दहा-बारा किलोचा. सुपरवायझरने तो उचलायचा नसतो, पण माणूस कमी असला की उचलतोच. ही गोष्ट आधी कळली म्हणून त्या लाइनला जुलैत एक हेल्पर जास्त देता आला. ‘दोन आठवडे वाढू शकतो’ हे वाक्यही उगाच घातलेलं नाही. दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन कधीकधी आत गेल्यावर पोट उघडून करावं लागतं, आणि मग विश्रांती सहा आठवड्यांच्या घरात जाते. तारखेचंही तसंच. रक्त कमी भरलं तर आधी ते वाढवतात, सरकारी इस्पितळात इमर्जन्सी आली तर थिएटर तिकडे जातं. बदली माणसाची सोय करणाऱ्याला ही अनिश्चितता कळायलाच हवी. ती कशामुळे आहे हे कळायची गरज नाही.

तुमचा सर्टिफिकिटाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर निदानात नाही. ज्याला खोटं सर्टिफिकिट द्यायचंय तो खोटं निदानही तितक्याच सहज लिहितो. ‘टायफॉइड’ लिहायला पैसे जास्त पडत नाहीत. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, २००२ च्या नियमावलीत, रजेच्या सर्टिफिकिटाचा नमुना दिलेला आहे. त्यावर रुग्णाची सही किंवा अंगठा लागतो. डॉक्टरने रुग्णाची ओळखखूण नोंदवायची असते, दिलेल्या सर्टिफिकिटांचं रजिस्टर ठेवायचं असतं आणि प्रत जपायची असते. तेव्हा संशय आलाच तर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा, सही ताडा, आणि इस्पितळाला पत्र पाठवून एवढंच विचारा की अमुक तारखेचं हे सर्टिफिकिट तुमच्याकडून दिलं गेलंय का. हो किंवा नाही. याच्यापुढे डॉक्टरला तुम्ही काही विचारलंत तरी रुग्णाच्या संमतीशिवाय त्याने सांगू नये, आणि चांगला डॉक्टर सांगतही नाही.

त्याच नमुन्यात ‘अमुक आजाराने ग्रस्त’ अशी एक रिकामी जागा आहे, आणि तिथेच सगळी गफलत होते. डॉक्टर सवयीने पूर्ण निदान लिहून टाकतात. सही होण्याआधी त्यांना सांगितलं, की हा कागद ऑफिसात जाणार आहे, तर ते ‘शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची विश्रांती’ असं लिहितात. त्यात खोटं काही नाही. नंतर बदलून मागायला गेलं तर पुन्हा ओपीडीची रांग, म्हणून हे आधीच बोलून घ्यावं.

एक अडचण मात्र उरते. लेटरहेडच बोलतं. ‘मॅटर्निटी होम’ असं वर छापलेलं असेल किंवा बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या कागदावर स्त्रीरोग विभागाचा शिक्का असेल, तर खाली काहीही लिहा, वाचणारा आपल्या मनाने गर्भपातापर्यंत पोचतो. आमच्या बाईंचं नेमकं तेच होतं. कंपनीत ठरावीक दिवशी येणारा फॅक्टरी डॉक्टर होता, त्याला त्यांनी बंद पाकिटात सर्टिफिकिट दिलं आणि त्याने एचआरला ‘कागद पाहिले, रजा योग्य’ अशी एका ओळीची चिठ्ठी दिली. तुमच्याकडे असा डॉक्टर नसेल. मग पाकीट एकाच माणसाकडे येईल आणि कुलपाच्या कपाटात राहील, एवढं तरी करा.

आणि डिस्चार्ज कार्ड मागू नका, हे मी जरा ठासून सांगतो. ‘ॲडमिट होतात याचा पुरावा’ म्हणून ते सर्रास मागितलं जातं. त्यावर निदानच नव्हे, तर जुने आजार, चालू गोळ्या, दारू-तंबाखूची नोंद आणि बाईमाणूस असेल तर पाळीची तारीखसुद्धा असते. ग्रुप मेडिक्लेम असला तरी ही कागदपत्रं विमावाल्यांकडे थेट जाऊ शकतात. कॅशलेसमध्ये तर इस्पितळच ती पाठवतं. एचआरने मध्ये पोस्टमन व्हायचं कारण नाही.

आता तुमच्या बाजूचं. काही ठिकाणी ‘ऑपरेशन आहे’ एवढ्यावर भागत नाही. बाईने कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची दोन आठवड्यांची किंवा गर्भपातानंतरची सहा आठवड्यांची पगारी रजा मागितली, तर कारण आणि पुरावा द्यावाच लागतो, कारण ती रजा त्याच कारणासाठी आहे. नको असेल तर साधी वैद्यकीय रजा घ्यायची, निवड तिची. दुसरं, औषधाच्या कारखान्यात उघडी जखम किंवा संसर्ग असलेल्या माणसाला मालाला हात लावू देत नाहीत, हा औषध नियमांतल्या शेड्यूल एमचा दंडक आहे. म्हणून परतताना फिटनेस सर्टिफिकिटात ‘जखम भरली आहे, उत्पादनाजवळ काम करण्यास योग्य’ हे वाक्य मागणं रास्त आहे. जखम कुठली हे त्यातही येत नाही.

लपवाछपवीबद्दल म्हणाल, तर मी शिकवतो ते बरोबर उलट आहे. लपवणारा माणूस ‘गावी लग्न आहे’ म्हणून आठवडाभर जातो, मग फोनवर रजा वाढवतो, आणि शेवटी सर्टिफिकिट आणतो तेव्हा तारखा जुळत नाहीत. तिथे शिस्तभंगाची नोटीस निघू शकते आणि ईएसआयचा दावाही अडकतो. वरच्या अर्जात एकही शब्द खोटा नाही, आणि तो रजेच्या बऱ्याच आधी हातात पडला.

गोव्यात लपत नाही हे शंभर टक्के खरं. वेर्ण्याच्या त्या बाईंच्या शेजारणीची भाची त्याच वॉर्डात नर्स निघाली, आम्हाला नंतर कळलं. पण गावात कळणं वेगळं आणि बढतीच्या वेळी फाइल उघडल्यावर आजाराचा कागद वर येणं वेगळं. गावाचं तोंड तुम्ही धरू शकत नाही, फाइल तुमच्या हातात आहे. कोणी आपणहून तुम्हाला येऊन सांगितलं, तर ऐका, चौकशी करा, घरी भेटायला जा. अठरा माणसांच्या ठिकाणी ते होणारच. फक्त ते अर्जावर लिहून घेऊ नका.

तुमच्या छापील अर्जात ‘आजाराचे स्वरूप’ असा रकाना बहुधा असेलच. तो खोडून ‘कामावर परतल्यावर काय करता येणार नाही व किती दिवस’ असा करा. नवीन अर्ज छापेपर्यंत पेनने केलात तरी चालेल.