सीपीके वाढला म्हणून क्रिएटिनचा डबा फेकण्याआधी

“जिमवाल्यांनो, सावधान! क्रिएटिन पावडर घेतली की रक्तात क्रिएटिन कायनेज साचतं. नॉर्मल २०० च्या आत असतं, माझ्या मित्राचं पाच हजार आलं. लिव्हरचे आकडे पण वाढलेले, किडनीवर ताण. पावडर बंद केली आणि दहा दिवसांत रिपोर्ट नॉर्मल! जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.”

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजमधला सगळा घोळ नावांपासून सुरू होतो. क्रिएटिन हा एक छोटासा रेणू आहे. शरीर तो स्वतः रोज साधारण १ ग्रॅम बनवतं, मटण-मासळी खाणाऱ्यांना आणखी थोडा ताटातून मिळतो, आणि त्यातला बहुतेक सगळा साठा स्नायूंत राहतो. क्रिएटिन कायनेज, म्हणजे आपल्या लॅबच्या कागदावरचा सीपीके, हे एक एन्झाइम आहे. क्रिएटिनच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठं असलेलं हे प्रथिन स्नायूची पेशी आपल्या आतच तयार करते. ते क्रिएटिनवर काम करतं म्हणून त्याला ते नाव पडलं. डब्यातली पावडर पोटात गेल्याने हे एन्झाइम तयार होत नाही, आणि रक्तात साचतही नाही. अमायलेज स्टार्चवर काम करतं, पण म्हणून भात खाल्ल्यावर कुणाचं अमायलेज वाढत नाही, तसंच हे.

लॅबमधलं मशीनसुद्धा रक्तातलं क्रिएटिन मोजत नाही. नमुन्यात क्रिएटिन फॉस्फेट आणि एडीपी हे दोन पदार्थ घातले जातात. नमुन्यात एन्झाइम असेल तर ते त्यांच्यापासून एटीपी आणि क्रिएटिन बनवतं. पुढच्या दोन क्रियांनंतर ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण दर मिनिटाला किती वाढतं, त्यावरून एन्झाइमचा आकडा निघतो. इथे क्रिएटिन हे क्रियेतून बाहेर पडणारं आहे. सकाळी पावडर घेऊन रक्त दिलं तरी ते आकडा वर ढकलू शकत नाही.

मग पाच हजार आले कुठून? स्नायूतून. वजन उचलताना स्नायू आखडतो. तेच वजन सावकाश खाली सोडताना मात्र तो ताणला जात असतानाच भार धरून ठेवतो, आणि पेशींना सर्वांत जास्त इजा याच भागात होते. पेशीचं आवरण झिरपू लागलं की आतलं एन्झाइम बाहेर पडून रक्तात येतं. जिने चढण्यापेक्षा उतरताना मांड्या जास्त दुखतात त्याचं कारणही हेच. लेग डेनंतर दोन दिवसांनी दादरच्या पुलावरून कठडा धरून उतरणाऱ्याचा सीपीके त्या क्षणी तपासला, तर तो हजारात निघणं मुळीच दुर्मीळ नाही. हा आकडा व्यायामानंतर लगेच शिखराला जात नाही. साधारण १ ते ४ दिवसांत तो सर्वांत वर पोहोचतो, म्हणजे अंगदुखी ओसरू लागली तरी तो चढलेला असू शकतो.

“२०० च्या आत” ही मर्यादाही सगळ्यांना सारखी लागू नाही. ती लॅबप्रमाणे बदलते, पुरुषांची स्त्रियांपेक्षा जास्त असते, आणि नियमित वजन उचलणाऱ्यांचा रोजचा आकडाच अनेकदा तिच्या वर असतो. याउलट, तोच व्यायाम काही आठवड्यांत पुन्हा केला तर सीपीके पहिल्या खेपेपेक्षा खूपच कमी वाढतो, कारण स्नायू त्या ताणाला सरावलेला असतो. म्हणून मोठे आकडे बहुतेक वेळा नवख्यांचे, खंडानंतर परतलेल्यांचे, किंवा अचानक प्रकार बदललेल्यांचे असतात.

मेसेजचा खरा जोर “पावडर बंद केली आणि नॉर्मल” या वाक्यात आहे. ते नीट उलगडायला एक कल्पित पण अगदी नेहमीचं उदाहरण घेऊ. डोंबिवलीचा २७ वर्षांचा तरुण, लोअर परळला नोकरी. चार महिन्यांच्या खंडानंतर जिम सुरू केली आणि त्याच आठवड्यात क्रिएटिनही. रविवारी संध्याकाळी स्क्वॉट आणि लंजेसचे मिळून १० सेट, प्रत्येक वेळी सावकाश खाली जात. बुधवारी सकाळी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये रक्त दिलं. सीपीके ४,८६०. लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी ११२, एसजीपीटी ५८. किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिन १.२. लिव्हरचेच जीजीटी आणि बिलिरुबिन मर्यादेत. लघवीचा रंग नेहमीचा आणि तपासणीत रक्त नाही.

घाबरून त्याने डबा बंद केला. पण मांड्या दुखत होत्या, त्यामुळे जिमही आपोआप बंद झाली. रक्तातला सीपीके साधारण दर दीड दिवसाला निम्मा होतो. नऊ दिवस म्हणजे सहा वेळा निम्मा: ४,८६० चे २,४३०, मग १,२१५, ६०८, ३०४, १५२ आणि शेवटी ७६. त्यात त्याचा स्वतःचा रोजचा शे-दीडशेचा आकडा धरला तर शुक्रवारी दुसऱ्या रिपोर्टवर २२० च्या आसपास येईल. पहिल्या तपासणीनंतरही एखादा दिवस एन्झाइम झिरपत राहिलं, तर उतार थोडा उशिरा सुरू होईल, एवढाच फरक. डबा उघडा असता तरी आकडा असाच उतरला असता. दोन गोष्टी एकदम थांबवल्या आणि श्रेय भलतीला गेलं.

शंका खरोखर फेडायची असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी. लघवीचा रंग, ताकद आणि क्रिएटिनिन ठीक असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम तसंच चालू ठेवा आणि व्यायाम ७ ते १० दिवस पूर्ण थांबवा. साधं चालणं चालेल. पण धावणं, फुटबॉल, ट्रेक आणि जोरदार मसाज नको. दंडावर किंवा कमरेवर इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, स्नायूत टोचलेल्या सुईनेही सीपीके थोडा वाढतो. मग त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. पावडर चालू असताना आकडा उतरला, तर उत्तर हातात आहे. ज्या प्रयोगांत एका गटाला क्रिएटिन आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण बिनकामाची पावडर देऊन दोघांकडून सारखाच व्यायाम करवला गेला, त्यांतूनही क्रिएटिनमुळे सीपीके वाढतो असं सहसा दिसलेलं नाही. काहींत तर तो थोडा कमी आढळला, काहींत फरकच नव्हता.

क्रिएटिनचा एक आडवळणाचा संबंध मात्र मान्य करायला हवा. त्याने सेटमध्ये एखाद-दोन रेप जास्त निघतात, आणि जास्त काम म्हणजे जास्त इजा असू शकते. शिवाय लोक पावडर आणि कडक प्रोग्रॅम एकाच सोमवारी सुरू करतात, त्यामुळे दोष दिसतो डब्यात आणि असतो बारबेलवर.

लिव्हरच्या आकड्यांचं कोडंही इथेच सुटतं. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम्स लिव्हरसारखीच स्नायूतही असतात, आणि जोरदार व्यायामानंतर आठवडाभर वर राहू शकतात. आधी एसजीओटी जास्त दिसतं, ते लवकर उतरतं आणि एसजीपीटी मागे रेंगाळतं. जीजीटी स्नायूतून येत नाही. सीपीके हजारात आणि जीजीटी, बिलिरुबिन मर्यादेत असेल, तर बोट प्रथम स्नायूकडे दाखवावं. हेल्थ चेकअपच्या अनेक पॅकेजांत सीपीके नसतो, म्हणून नुसतं एसजीओटी-एसजीपीटी बघून लिव्हरची सोनोग्राफी आणि औषधं सुरू होतात, ते टाळता येतं. रक्त घेणाऱ्याला “परवा लेग डे केला” एवढं सांगा, आणि चेकअपची तारीख ठाऊक असेल तर आधीचा आठवडा जड व्यायाम नको.

किडनीबाबत क्रिएटिनिन हा तिसरा, वेगळा पदार्थ आहे. स्नायूतल्या क्रिएटिनचा थोडा भाग रोज क्रिएटिनिन होऊन लघवीतून जातो. साठा वाढला की तेही किंचित वाढू शकतं, किडनी धडधाकट असतानाही. शंका राहिली तर डॉक्टर सिस्टॅटिन सी तपासतात, त्यावर पावडरीचा परिणाम होत नाही. ज्यांना आधीपासून किडनीचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन घेऊ नये.

पण या मेसेजचा प्रतिवाद करताना सीपीकेला हलकं लेखू नये. स्नायू फार मोठ्या प्रमाणात फुटला तर त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन किडनीत अडकतं आणि पोटॅशियम रक्तात उसळतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सीपीके मर्यादेच्या पाचपटींवर गेला की डॉक्टर त्याचा विचार सुरू करतात, आणि साधारण ५,००० च्या पुढे किडनीवर जास्त बारीक नजर ठेवतात. वर घेतलेल्या उदाहरणातला आकडाही त्या रेषेजवळचा आहे. तिथे धीर दिला तो लघवीने आणि क्रिएटिनिनने, आकड्याने नव्हे. लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, ती फार कमी झाली, स्नायू सुजून टणक झाला, हात-पाय उचलवत नाहीत किंवा उलट्या होताहेत, तर रिपोर्टची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा. केईएम, नायर, सायन ही पालिकेची रुग्णालयं रात्रीही उघडी असतात. तिथे लघवी, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि ईसीजी बघतात. लघवीच्या पट्टीवर रक्त दाखवतंय पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत, ही मायोग्लोबिनची खूण. अशा वेळी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी स्वतःहून घेऊ नका, ती किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करते.

मुंबईत एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात हा धोका वाढतो, कारण घाम निथळतो पण सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. भरतीच्या तयारीला मैदानावर उतरलेली मुलं दुपारी पळतात तेव्हा विशेष काळजी हवी. आपल्याकडे पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागांत आणि विदर्भात सिकलसेल आढळतो. ज्यांना आजार नाही, फक्त सिकलसेलचं एकच जनुक आहे, त्यांनाही कमाल जोर लावताना रॅब्डोमायोलिसिस होऊ शकतो. त्यांनी पहिल्याच दिवशी कोचला हे सांगावं.

आणि दोन आठवडे खरोखर विश्रांती घेऊनही सीपीके वरच राहिला, तर व्यायाम आणि पावडर दोन्ही बाजूला ठेवून तिसरं कारण शोधायचं. सुरुवात टीएसएचपासून, कारण थायरॉइड मंद असला की सीपीके वाढतो. त्यानंतर कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू आहे का ते बघायचं. घरात कुणाला स्नायूंचा आजार आहे का, हेही डॉक्टरांना सांगायचं.