मामा, सहा महिन्यांची मुदत कुठून काढलीत?

"कोर्टाच्या गाईडलाइन्स म्हणजे नुसता सल्ला. सहा महिन्यांत संसदेने कायदा केला नाही तर आपोआप रद्द! जखमीला हात लावाल तर पोलीस तुम्हालाच महिनोन्महिने फिरवतील. सावध राहा, पुढे पाठवा."

मामांनी हे घरच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा मी सोडून दिलं. परवा इंदूरच्या रिंग रोडवर स्कूटरवरून पडलेला मुलगा बघून बाबा गाडीतून उतरले, हा मेसेज आठवला आणि परत आत बसले. मुलाला शेवटी एका भाजीवाल्याने रिक्षात घातलं. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

सहा महिने ही शुद्ध थाप. अध्यादेशाचं ऐकलेलं कोणीतरी कोर्टाला चिकटवलंय, आणि तिथेही मुदत संसद भरल्यापासून सहा आठवड्यांची असते. लैंगिक छळाबाबतची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं १९९७ची, कायदा २०१३चा. मधली सोळा वर्षं देशभर तीच बंधनकारक होती, कारण सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा अनुच्छेद १४१ नुसार सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो.

आता पोलिसांचं. अपघातातल्या जखमींना मदत करणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने एक आदेश देऊन फाईल मिटवली नाही. समिती नेमली, अहवाल घेतला आणि कायदा होईपर्यंत सूचना काढा असं केंद्राला सांगितलं. प्रकरण जिवंत ठेवून सरकारकडून काम करून घेण्याच्या या पद्धतीला निरंतर परमादेश म्हणतात. मे २०१५ मध्ये केंद्राने सूचना काढल्या, पण मागे कायदा नसल्याने त्या राबवणं अवघड जात होतं. म्हणून ३० मार्च २०१६ला न्यायालयाने त्या बंधनकारक केल्या. हा सल्ला?

त्यांत काय होतं? जखमीला दवाखान्यात पोचवून लगेच निघता येतं. अपघात डोळ्यांनी पाहिला असेल तर पत्ता देऊन. नाव सांगायची सक्ती नाही. दवाखान्याने मदत करणाऱ्याकडे पैसे मागायचे नाहीत. साक्ष आपणहून द्यायची असेल तर जबाब एकदाच घ्यायचा. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, म्हणजे आता संसदेचा कायदाही आहे. धडक देणाऱ्या चालकाला मात्र यातलं काही लागू नाही.

एक कबूल करतो, जिवावर आलं तरी. चौकीतल्या प्रत्येक शिपायाला हे ठाऊक असतंच असं नाही. आणि निरंतर परमादेश लांबतातही. जंगलांचं गोदावर्मन प्रकरण १९९५ पासून चालूच आहे. पण लांबणं म्हणजे रद्द होणं नव्हे.

बाबांनी तर मुलाला पडताना पाहिलंही नव्हतं. दवाखान्याच्या दारात उतरवून ते नावही न सांगता घरी येऊ शकले असते. मामा, तो मेसेज ग्रुपवर अजून तसाच आहे.