कुकरची रिंग फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी नळीतून आरपार बघा

"कुकरमधून वाफ लीक होते, झाकण नीट लागत नाही? नवीन रिंग घेऊ नका, कंपन्या लुटतात. जुनी रिंग 15 मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. तरी लीक झाली तर कडेला कणकेची वळी लावा. झाकण फिरत नसेल तर हँडलवर लाटण्याने ठोका. शिट्टी होत नसेल तर वरून चमच्याने दाबून धरा. 100% उपाय, पुढे पाठवा."

हा मेसेज मला आत्तापर्यंत तीन ग्रुपवर आलाय, त्यातला एक भिशीचा. आमच्या लालबागच्या चाळीतल्या शेजारच्या काकूंनी तर तो करूनच बघितला, म्हणून लिहायला बसले.

आधी फ्रीजर. हे अगदीच खोटं नाहीये, म्हणूनच तर लोक फसतात. थंडीने रबर थोडं आकसतं आणि कडक होतं, त्यामुळे सैल झालेली रिंग झाकणाच्या खाचेत घट्ट बसल्यासारखी वाटते आणि पहिला भात व्यवस्थित होतो. पण कुकरमध्ये प्रेशर आलं की आत साधारण 120 डिग्री असतं, तिथे ती गार रिंग किती वेळ गार राहणार? ती परत पहिल्यासारखी ढिली होते. ताणली गेलेली, कडक पडलेली रिंग थंडीने तरुण होत नाही हो. घरच्या घरी बघायचं असेल तर रिंग दोन बोटांत दुमडून बघा, दुमडीवर बारीक भेगा दिसल्या तर गेली. खाचेत बसवताना एका बाजूला फुगा येत असेल, म्हणजे रिंग खाचेपेक्षा लांब झालेली असेल, तरी गेली. आणि गंमत म्हणजे हाच फुगा कधीकधी झाकण लागू देत नाही, आणि आपण हँडलला दोष देतो.

आता मुख्य गोष्ट, जी मेसेजमध्ये कुठेच नाही. कडेने वाफ येते म्हणजे रिंगच खराब, असं नसतं. वाफेचा खरा रस्ता म्हणजे शिट्टी जिच्यावर बसते ती नळी. ती तुंबली की वाफ दुसरा रस्ता शोधते, आणि पहिला मिळतो तो बहुतेक रिंगचा. अशा वेळी कडेची गळती हा बिघाड नसून कुकर सुटकेसाठी धडपडतोय असं समजा. ती कणकेने बुजवली की उरतो फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि तो उडाला तर गरम डाळ छतापर्यंत. व्हॉल्व्हनेही दगा दिला तर काय, याचा अंदाज यावा म्हणून साधा हिशोब सांगते. 20 सेंटीमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ झालं सुमारे 314 चौरस सेंटीमीटर, आणि नेहमीच्या प्रेशरला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलोचा जोर असतो, म्हणजे झाकणावर आतून 300 किलोच्या आसपास. 50 किलोच्या तांदळाच्या सहा गोण्या! आणि हे सगळं ठीकठाक चालू असताना.

काकूंकडे नेमकं हेच झालं. पहिल्या दिवशी फ्रीजर करून भात झाला, दुसऱ्या दिवशी तूरडाळ लावली, आणि डाळ अर्ध्यावर नाही तर पाऊण कुकर भरून, कारण पाहुणे यायचे होते. मला हाक मारली, "अगं बघ तरी, शिट्टीच होत नाहीये, बाजूने नुसती फुसफुस." जाऊन बघते तर कडेला कणीक, आणि काकू हातात चमचा घेऊन शिट्टी दाबायच्या तयारीत. मी आधी गॅस बंद केला. काकू शिट्टी काढून वाफ घालवू म्हणाल्या, मी हात लावू दिला नाही, कारण नळी तुंबलेली असेल तर शिट्टी काढूनही तिथून काही निघत नाही आणि आपल्याला वाटतं प्रेशर संपलं. झाकण ओढायचं नाही, कुकर आपोआप गार होऊ द्यायचा. अर्ध्या तासाने झाकण अलगद, जोर न लावता फिरलं तेव्हाच उघडलं. मग ट्यूबलाइटसमोर धरून नळीतून बघितलं तर अंधार. डाळीचं सालपट आणि वाळलेला फेस आत घट्ट बसलेला. खराट्याच्या काडीने आतून बाहेर ढकललं, गरम पाण्याने धुतलं, परत आरपार उजेड दिसला.

म्हणून आमच्याकडे आता डाळ-तांदळाला कुकर निम्म्याच्या वर भरत नाही, बाकीच्यांना दोन तृतीयांश, आणि डाळीत चमचाभर तेल, त्याने फेस कमी येतो.

त्यानंतर केली पाण्याची टेस्ट, आणि ही कोणीही करू शकतं. एक पेला पाणी, बाकी काही नाही, झाकण लावून मोठा गॅस, शिट्टी न ठेवता. काही मिनिटांत नळीतून सरळ, जोरात वाफेची धार यायला हवी. नळीतून काहीच नाही आणि कडेने येतंय, तर ताबडतोब बंद करून परत नळी साफ. धार नीट असेल तर मगच शिट्टी ठेवा आणि आता कडेकडे बघा. काकूंच्या कुकरला धार आली, पण शिट्टी ठेवल्यावर हँडलच्या डाव्या बाजूला एकाच जागी वाफ. आता हे रिंगमुळे का कुकरच्या कडेमुळे? कुकर गार करून रिंग काढली आणि खाचेत अर्धी फिरवून परत बसवली, पुन्हा पाणी. गळती समोरच्या बाजूला गेली, म्हणजे दोषी रिंग. जागा तीच राहिली असती तर कडेला पोचा समजायचा, जो बहुतेक घरी पळी कडेवर आपटून आपटून येतो. मग रिंग बदलून काही उपयोग नाही.

लाटण्याचं काय सांगू. बाहेरून झाकण लागणाऱ्या कुकरला झाकणाची कड भांड्याच्या कडेवरच्या ओठांखाली सरकते, ठोकून ते ओठ किंवा हँडल वाकलं की मग खरंच काही लागत नाही. आधी हँडलचे स्क्रू बघा, ढिले असतील तर कसा. रिंग पिळलेली तर नाही ना, बघा. आतून झाकण बसणाऱ्या कुकरला तर ठोकण्याचा प्रश्नच नाही, तिथे वाफच झाकण वर दाबून कड घट्ट करते.

आणि शिट्टीवर चमचा? शिट्टीचं वजन म्हणजेच प्रेशरची मर्यादा. दाबलं की ती मर्यादा तुम्हीच वाढवता.

नवीन रिंगच घ्यायची ठरली तर झाकण पिशवीत घालून दुकानात न्या, कारण 5 लिटर सगळ्यांचं सारखं नसतं, दोन कंपन्यांच्या रिंगा एकमेकींना बसत नाहीत. सेफ्टी व्हॉल्व्हही त्याच कंपनीचा, तिथे स्क्रू ठोकून जुगाड अजिबात नको. आम्ही दादरला भांड्याच्या दुकानातून आणली, कंपनीची. पहिले दोन दिवस झाकण फिरवताना काकूंचा दम निघाला, "अगं ही तर बसतच नाही!" नवीन रिंग कडक असते, बोटाने जरासं तेल फिरवलं की सरकते, नंतर सवयीची होते. जुनी त्यांनी टाकली नाही, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला पकड म्हणून ठेवलीय.