घराचे मूळ कागद बँकेकडेच राहावेत यासाठी अर्ज कसा लिहावा

गृहकर्ज फिटलं, अभिनंदन. आता बँकेच्या तिजोरीत पडलेला तुमच्या फ्लॅटचा मूळ करारनामा, सूची 2, नोंदणीची पावती आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट परत मागायची वेळ आली. पण इतकी वर्षं बँकेने जपलेली वस्तू एका कागदाने लगेच हातात पडली, तर त्या जपण्याला काय अर्थ? म्हणून अर्ज जरा विचारपूर्वक लिहावा.

विषयाच्या ओळीत फक्त 'अर्ज' असं लिहा. फारच राहवलं नाही तर 'विनंती अर्जाबाबत'. अर्ज कशाचा आहे ते साहेबांना शेवटच्या ओळीपर्यंत कळता कामा नये. पहिला परिच्छेद बँकेशी असलेल्या जुन्या ऋणानुबंधाला द्या, दुसरा मुलीच्या लग्नाला, तिसरा गुडघ्याला. कर्ज खाते क्रमांक मात्र टाळा. अगदीच द्यावासा वाटला तर बचत खात्याचा द्या. तो पासबुकावर समोरच असतो आणि त्यावरून तुमचं कर्ज शोधायला बाबूला थोडा व्यायाम होतो. कर्ज कोणत्या तारखेला फिटलं तेही लिहू नका, 'नुकतंच' पुरे. कर्ज घेताना बँकेने जमा कागदांची जी यादी सही-शिक्क्यानिशी दिली होती, ती जोडणं म्हणजे तर बँकेवर अविश्वास दाखवणं.

आणि एकाच अर्जात एकच मागणी? छे! आलाच आहात तर व्याजाचा दाखला, चुकीचा पडलेला मोबाइल नंबर, एटीएमचे कापलेले पैसे आणि लॉकरची चौकशी, सगळं एकाच कागदावर घ्या. चार मागण्यांचा अर्ज चार टेबलांवर फिरतो आणि प्रत्येक टेबलाला वाटतं की कागद द्यायचं काम पुढच्या टेबलाचं.

काही उतावीळ लोक मात्र असं लिहितात, त्यांचं अनुकरण चुकूनही करू नये:

'विषय: गृहकर्ज खाते क्र. (इथे आकडे) पूर्ण फेडले असल्याने मूळ कागदपत्रे परत मिळण्याबाबत.
संदर्भ: कर्ज पूर्ण फेडल्याचा दिनांक 3 जून 2025, सोबत खाते बंद झाल्याचे पत्र व जमा कागदपत्रांच्या यादीची प्रत.
महोदय, सोबतच्या यादीतील सर्व मूळ कागदपत्रे मला 3 जुलै 2025 पर्यंत याच शाखेत परत द्यावीत, ही विनंती.'

संपलं! ना हालहवाल, ना गुडघा. वर ही माणसं अर्जाच्या दोन प्रती नेतात आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही मागून घेतात. काउंटरवरच्या माणसाने 'ठेवून जा, बघतो' म्हटलं की सभ्य माणसाने ठेवून यावं. हे तिथेच उभे राहतात.

त्या 3 जुलैमागे एक खोडी आहे, तीही सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही तिच्या वाटेला जाणार नाही. रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 ला परिपत्रक काढलं. कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर त्याचं कारण कर्जदाराला कळवायचं, आणि उशीर बँकेमुळे झाला असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची. कागद हरवले तर नकला मिळवून द्यायच्या आणि खर्च बँकेने सोसायचा, त्यासाठी आणखी 30 दिवसांची सवलत. म्हणजे वरच्या अर्जातले कागद बँकेच्या दिरंगाईने 18 जुलैला मिळाले, तर 15 दिवसांचे 75,000 रुपये झाले. बिचाऱ्या बँकेवर अशी वेळ आणायची? त्यापेक्षा फिटल्याची तारीख गुलदस्त्यात ठेवा. मोजणी सुरू कुठून करायची हेच कोणाला कळणार नाही. शिवाय 'केंद्रीय कार्यालयातून कागद यायचेत' हे वाक्य ऐकलं की मान डोलवा, लेखी कारण मागू नका.

एवढं करूनही दुर्दैवाने एक दिवस पाकीट हातात पडलंच, तर ते काउंटरवर उघडू नका. आधी 'सर्व कागदपत्रे मिळाली' यावर सही करा, साहेबांना जेवायला जायचं असतं. यादी काढून एकेक कागद टिकमार्क करत बसलात तर मागची रांग खोळंबेल. करारनाम्याचं मधलं पान नाही किंवा शेअर सर्टिफिकेटच नाही, हे घरी चहा घेताना कळलेलं बरं. मग सवडीने नवा अर्ज लिहिता येतो. विषय: 'अर्ज'.