फवारणीचा गॉगल

दिवाळीच्या सुट्टीत, सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या वावरात आम्ही तयार केलेली खेळपट्टी एका बाबतीत तरी भल्याभल्या मैदानांपेक्षा सरस होती, ती म्हणजे तेथे टप्पा पडलेला चेंडू पुढे काय करील हे खुद्द गोलंदाजालाही ठाऊक नसे. काळी माती वाळली की भेगाळते आणि भेगेच्या काठावर चेंडू पडला की तो एकतर घोट्याशी सरपटतो, नाहीतर थेट तोंडाकडे झेपावतो. मी त्या वेळी चौदा वर्षांचा होतो, ओढून मारण्याचा फटका हा आपला खास फटका आहे अशी माझी समजूत होती आणि चेंडू टेनिसचा असल्यामुळे भीती नावाची गोष्ट आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. त्या दिवशी चेंडू बॅटच्या वरच्या कडेला लागून माझ्या उजव्या डोळ्यावर आला.

डोळा लाल झाला, पाणी आले आणि मी तो चोळला, जे अजिबात करायचे नसते. कप्तानाने जवळ येऊन पापणी उचलून पाहिली आणि निकाल दिला, "काही नाही झालं बे, टेनिस बॉल हाय." घरी आजीने मधाची बाटली काढली, शेजारच्या काकूंनी गाईचे तूप सुचवले आणि दोन्ही औषधांमध्ये कोणते श्रेष्ठ यावर अंगणात अर्धा तास खल चालला. मला वाचवले ते एका विचित्र गोष्टीने. बसलो की दिसे, पण आडवा झालो की समोरचे सगळे तांबूस आणि धूसर होई. हे ऐकताच बाबांनी मधाची बाटली झाकून ठेवली आणि मला मोटारसायकलवर बसवून यवतमाळला नेले.

तेथील डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की बुबुळाच्या पुढे, काचेसारख्या पारदर्शक पडद्याच्या मागे, जी पाण्याने भरलेली लहानशी जागा असते तिच्यात रक्त उतरले आहे. त्याला हायफेमा म्हणतात. उभ्या माणसात ते रक्त बाटलीच्या तळाशी गाळ बसावा तसे खाली बसते आणि माणूस आडवा झाला की सगळीकडे पसरते. टेनिसचा चेंडू मऊ आहे, ही माझी जी ढाल होती, तिचाच त्यांनी चुराडा केला. डोळ्याच्या खोबणीचे तोंड जेमतेम 4 सेंटिमीटर रुंद असते आणि टेनिसचा चेंडू सुमारे साडेसहा सेंटिमीटरचा. खोबणीभोवतीचे हाड त्याला अडवते खरे, पण मऊ चेंडू त्या हाडावर आपटून चपटा होतो आणि त्याचा फुगवटा आत शिरतो. कप्तानाचे निदान त्याच्याइतकेच मऊ निघाले.

त्यानंतरचे दिवस मी आजही विसरलेलो नाही. डोक्याखाली तीन उशा, म्हणजे धड तिरके, झोप तशीच. उजव्या डोळ्यावर छिद्रे असलेले प्लास्टिकचे कवच. दिवसातून ठरलेल्या वेळी थेंब. वाकायचे नाही, धावायचे नाही, ओझे उचलायचे नाही. दुखले तर फक्त पॅरासिटामॉल, कारण ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने रक्तस्राव वाढण्याची भीती असते. पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्त उतरण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि ते दुसरे रक्त पहिल्यापेक्षा जास्त असू शकते, हे आईने इतके मनावर घेतले की मी शिंकलो तरी ती काकुळतीने पाहत असे. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे जवळचे अक्षर दिसत नव्हते. या एका गोष्टीवर मी मात्र मनापासून खूश होतो, कारण सुट्टीतला गृहपाठ आपोआप माफ झाला होता.

मला धीर द्यायला आलेल्या मित्रांपैकी एकाने मार्क बाउचरची गोष्ट सांगितली. 2012 साली इंग्लंडमध्ये टाँटन येथे यष्टिरक्षण करताना उडालेली बेल डोळ्याला लागून त्याची कारकीर्दच संपली होती. धीर देण्याची ही आमच्या गावातील पद्धत आहे.

रक्त हळूहळू निवळले. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला, बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासला आणि एक अट घातली, जी मी तेव्हा हसून स्वीकारली आणि आजही निमूटपणे पाळतो : दरवर्षी दाब तपासायचा, कारण अशा माराने डोळ्यातील पाणी वाहून जाण्याची वाट जखमी होऊ शकते आणि काचबिंदू त्यानंतर अनेक वर्षांनीही उगवतो. खेळायला परवानगी होती, पण संरक्षक गॉगल लावून.

बाबांनी जत्रेतला काळा गॉगल पुढे केला. चष्मेवाल्यांनी तो हातात घेऊन सांगितले, "हा फुटला तर याचेच तुकडे डोळ्यात जातील." खेळाच्या गॉगलची भिंगे पॉलिकार्बोनेटची, जवळजवळ 3 मिलिमीटर जाड असतात, चौकट चेहऱ्याला बेतून बसते, आतून रबर असते आणि काड्यांऐवजी मागे पट्टा असतो. त्यांनी तो घालायला लावून मला डोके हलवायला सांगितले, मग पट्टा ताणला, कारण सैल चौकट चेंडूसकट डोळ्यावर आदळते. एवढे करून त्यांनी बजावले की हे टेनिसच्या चेंडूपुरते आहे, कातडी चेंडू आला की जाळीचे हेल्मेटच हवे.

डिसेंबरच्या सकाळी मी मैदानात उतरलो तेव्हा कप्तान ओरडला, "अबे, फवारणीले चालला का?" तेव्हापासून माझे नाव फवारणी. आता खरी अडचण सांगतो. थंडीत भिंगे गार, श्वास गरम. पहिल्या षटकानंतर माझ्यापुढे गोलंदाज नव्हता, धुक्यात धावत येणारी एक आकृती होती. त्यातही गॉगलच्या आत, चेंडू आला की माझे डोळे आपोआप मिटत. मी शून्यावर त्रिफळाचीत झालो. पुढे चष्मेवाल्यांच्या सांगण्यावरून आदल्या रात्री भिंगावर साबणाचा एक थेंब लावून पाण्याने हलकेच धुवायचे आणि शर्टाच्या टोकाने न पुसता वाळवायचे सुरू केले, म्हणजे धुके बरेच कमी होई. डोळे मिटण्यावर मात्र साबण नव्हता. भाऊ हाताने हळू चेंडू टाकी आणि मी दोन आठवडे फक्त पाहत असे.

आणि ज्या रविवारी मी पूर्ण तयार होतो, त्या दिवशी गॉगल नाहीसा झाला. घर धुंडाळून मी वावरात गेलो, तर बाबा पाठीवर पंप घेऊन हरभऱ्यावर घाटेअळीची फवारणी करत होते आणि त्यांच्या डोळ्यांवर माझा गॉगल होता. "पोट्ट्या, लय भारी वस्तू हाय, डोयात एक थेंब जात नाही," ते कौतुकाने म्हणाले. औषध रॉकेलसारख्या वासाचे होते. अशा द्रावकाने पॉलिकार्बोनेट खराब होते हे मला संध्याकाळी उमगले, जेव्हा दिव्यासमोर धरलेल्या भिंगात आमच्या खेळपट्टीसारखी बारीक भेगांची जाळी दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा यवतमाळला गेलो. चष्मेवाल्यांकडून माझ्यासाठी नवा आणि कृषी केंद्रातून बाबांसाठी फवारणीचा, असे दोन गॉगल आले. दोन्हींवर आईने शाईने नावे लिहिली, तरी गेल्या हंगामात बाबांनी पुन्हा माझाच नेला.